विश्लेषण : ‘हो सर, प्रयत्न करतो’ याचा नेमका अर्थ काय? मावळातल्या परदेशी कंपन्यांत संवाद कुठे अडतो?

तळेगावच्या कारखान्यातला अभियंता व्हिडीओ कॉलवर ‘हो सर, प्रयत्न करतो’ म्हणतो. जर्मनीत बसलेला सहकारी ‘तारीख मान्य’ असे लिहून घेतो. दोन आठवड्यांनी एकाला वाटते, आपली फसवणूक झाली. दुसऱ्याला वाटते, आपला अपमान झाला. दोघांपैकी खोटे कोणीच बोललेले नसते. या गोंधळाला संवादशास्त्रात ‘हाय-कॉन्टेक्स्ट’ आणि ‘लो-कॉन्टेक्स्ट’ अशी नावे आहेत. कंपन्यांच्या प्रशिक्षणांत हे शब्द सर्रास वापरले जातात, पण अनेकदा अर्धेच समजावले जातात.

या संकल्पना आल्या कुठून?

एडवर्ड टी. हॉल (1914-2009) हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनी नवाहो आणि होपी या मूलनिवासी समाजांच्या वस्त्यांत काम केले. पुढे परदेशी जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले. भाषा शिकवूनही हे अधिकारी परदेशात चुकतात, कारण न बोललेले त्यांना ऐकू येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ‘बियाँड कल्चर’ या 1976 मधील पुस्तकात त्यांनी ही मांडणी केली.

मांडणी सोपी आहे. कोणत्याही निरोपाचा काही भाग शब्दांत असतो आणि काही भाग शब्दांबाहेर, म्हणजे नात्यात, प्रसंगात, स्वरात, आधी घडून गेलेल्या गोष्टींत. बाहेरचा भाग मोठा असेल तर तो संवाद हाय-कॉन्टेक्स्ट. मराठीत त्याला संदर्भप्रधान म्हणता येईल. जवळजवळ सगळे शब्दांतच मांडले जात असेल तर तो लो-कॉन्टेक्स्ट, म्हणजे शब्दप्रधान. हॉल यांचे उदाहरण असे की, एकत्र वाढलेली जुळी भावंडे अर्ध्या वाक्यात एकमेकांना समजतात. न्यायालयातल्या दोन वकिलांना मात्र प्रत्येक गोष्ट शब्दांत मांडावी लागते, नाहीतर ती नोंदीवर येत नाही.

मराठी माणसाला हे नवे नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण म्हणजे संदर्भप्रधान संवादाची व्याख्याच. बोलणे एकीला, निरोप दुसरीला, आणि तिसऱ्या कोणाला कळावे अशी अपेक्षाही नाही. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. संध्याकाळी शिफ्ट संपवून ‘चला, येतो’ म्हणणारा मराठी सहकारी परत येणार म्हणून ओडिशाहून आलेला नवा मुलगा थांबून राहिला, तर त्याची चूक काय?

पण याच मराठी माणसाने पुणेरी पाटीही लिहिली. बेल एकदाच वाजवा, दुपारी अमुक ते तमुक बंद, पत्ता विचारू नये. यापेक्षा शब्दप्रधान मजकूर कुठल्याही जर्मन कार्यालयात सापडणार नाही. याचे कारण साधे आहे. पाटी अनोळखी माणसासाठी असते. त्याच्याशी आपला कोणताही सामाईक संदर्भ नसतो. प्रशिक्षणांत हीच गोष्ट हरवते. संदर्भप्रधान असणे हा एखाद्या समाजाच्या रक्तातला गुण नव्हे. किती ओळखीच्या माणसाशी बोलतो आहोत, यावर तो ठरतो. ओळखीच्या लोकांतच आयुष्य गेलेल्या माणसाला एकदम अनोळखी लोकांत काम करावे लागले की अडचण सुरू होते. स्थलांतर म्हणजे नेमके तेच.

मावळातच हे ठळक का दिसते?

कारण इथे कंपन्याही स्थलांतरित आहेत आणि माणसेही. तळेगावचे वाहननिर्मितीचे एकच संकुल पाहा. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने ते 2008 मध्ये सुरू केले. डिसेंबर 2020 मध्ये तिथले उत्पादन थांबले. मधल्या काळात ग्रेट वॉल या चिनी कंपनीबरोबरचा विक्री करार झाला, पण तो तडीस गेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने ते घेण्याचा करार केला. एकाच कारखान्याच्या भिंतींनी दोन दशकांच्या आत अमेरिकी आणि कोरियाई असे दोन मालक पाहिले. शेजारी जेसीबी ही ब्रिटिश कंपनी आहे. जर्मन कंपन्या आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने तर नवलाख उंबऱ्यापासून टाकव्यापर्यंत पसरलेले आहेत.

या कारखान्यांत काम करणारी माणसे लातूर, बीड, बुलढाण्याची, बिहार-उत्तर प्रदेशची, ओडिशाची, आणि लोणावळा लोकलने कामशेत, कान्हे, वडगावहून येणारी स्थानिक मुलेही. गावाकडे प्रत्येकाला आपापली न बोललेली भाषा येत होती. इथे ती सगळ्यांचीच निरुपयोगी ठरते, हे मात्र लगेच कोणाच्या लक्षात येत नाही.

एका तारखेचा घोळ कसा होतो?

नमुन्यासाठी एक प्रसंग घेऊ. तो रचलेला आहे, पण या पट्ट्यातल्या कोणत्याही टूलरूममधल्या माणसाला ओळखीचा वाटेल. तळेगावजवळ प्लास्टिकचे भाग बनवणारा एक कारखाना. टूलरूमचा प्रमुख लातूरकडचा, पदविका घेतलेला, कामात वाकबगार. ग्राहक जर्मन. भागाच्या एका भोकाची जागा 0.4 मिलिमीटरने सरकवायची आहे, म्हणजे साच्यात बदल करावा लागणार. 2 तारखेला, गुरुवारी, कॉल होतो. जर्मन अभियंता विचारतो, नवे नमुने 15 तारखेला तिथून निघतील का?

टूलरूमच्या प्रमुखाच्या डोक्यात हिशेब लगेच होतो. साच्याच्या दुरुस्तीला पाच दिवस, म्हणजे मधला रविवार सोडून 8 तारीख. मग पोलादी इन्सर्ट हीट ट्रीटमेंटसाठी भोसरीला पाठवायचा. 9 तारखेला पुन्हा गुरुवार, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी. तिथे चार दिवस, म्हणजे तो रविवारीही काम करील असे धरले तरी 13 तारीख. मग साचा बसवायला दोन दिवस, चाचणीला एक आणि मोजमाप अहवालाला दोन. म्हणजे 18 तारखेच्या संध्याकाळच्या आत नमुने निघणे शक्य नाही, आणि तेही काहीच बिघडले नाही तर. हे त्याला 2 तारखेलाच पक्के ठाऊक आहे.

तो काय म्हणतो? ‘टूल करेक्शनला घेतले आहे. हीट ट्रीटमेंटच्या व्हेंडरकडे सध्या लोड आहे. तरी आम्ही पूर्ण प्रयत्न करू.’

मराठी कानाला हा सरळ नकार आहे, तोही सभ्य. त्यात तीन इशारे आहेत. काम सुरू आहे असे सांगून त्याने आपली बाजू मांडली. व्हेंडरचा उल्लेख करून अडचण कुठे आहे ते दाखवले. ‘तरी’ आणि ‘प्रयत्न’ हे शब्द वापरून 15 तारीख अवघड असल्याचे कळवले. आता समोरच्याने म्हणायचे असते, ‘बरं, मग 20 धरू का?’ आणि याने सुटकेचा श्वास टाकून म्हणायचे असते, ‘हो, 20 चालेल.’ नकाराचा शब्द कोणाच्याच तोंडून येत नाही आणि काम होते. गावाकडे शेकडो व्यवहार असेच होतात.

जर्मन अभियंता मात्र या वाक्यांत उत्तर शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. पहिली दोन वाक्ये त्याला माहिती वाटतात, तिसरे आश्वासन. म्हणून तो खात्रीसाठी पुन्हा विचारतो, ‘म्हणजे 15 शक्य आहे?’ कॉलवर पाच माणसे आहेत, त्यांत आपल्याच कारखान्याचे मोठे साहेब. त्यांच्यासमोर ग्राहकाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे साहेबांना तोंडघशी पाडणे. तो म्हणतो, ‘हो सर.’ बैठकीच्या नोंदीत ओळ पडते : नमुने, 15 तारीख, मान्य. ही नोंद ईमेलने येते. तो ती वाचतो आणि उत्तर देत नाही. त्याच्या लेखी गप्प राहणे म्हणजे नापसंती. त्यांच्या लेखी गप्प राहणे म्हणजे संमती.

16 तारखेला जर्मनीहून दोन ओळींचा ईमेल येतो. ठरल्याप्रमाणे नमुने निघालेले नाहीत, कारण कळवावे. प्रत कारखान्याच्या प्रमुखाला आणि खरेदी विभागाला. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे वस्तुस्थितीचे एक वाक्य आणि एक साधी विनंती. प्रती केवळ नोंदीसाठी. वाचणाऱ्याच्या दृष्टीने चारचौघांत काढलेली लाज. तो दोन दिवस उत्तरच देत नाही. या मौनाचा अर्थ तिकडे ‘काहीतरी लपवत आहेत’ असा होतो. 18 तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे शक्य तितक्या लवकर, नमुने निघतात आणि ते उत्तम असतात. तरी वर्षअखेरीच्या मूल्यांकनात ओळ राहते ती ‘संवादकौशल्य कमी’.

इथे खरे नुकसान कोणाचे झाले? ग्राहकाचे तीन दिवस गेले. त्या माणसाची बढती गेली. 2 तारखेला त्याने ‘20’ हा आकडा उच्चारला असता, तर 18 ला नमुने पाठवून तोच माणूस वेळेआधी काम करणारा ठरला असता.

‘हो’ मागचा ‘नाही’ ओळखायचा कसा?

हे ओळखणे वाटते तितके अवघड नाही. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे उत्तरात तारीख किंवा आकडा नसणे. ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’, ‘बघून सांगतो’, ‘बघू’ ही चढती भाजणी नसून उतरती आहे. ‘करून टाकू’मध्ये निदान करणारा ‘आम्ही’ असतो. ‘होऊन जाईल’मध्ये कर्ताच नाहीसा झालेला असतो, काम आपोआप होणार आहे. ‘बघून सांगतो’ म्हणजे आत्ता विचारू नका. आणि ‘बघू’ म्हणजे नाही, हे मराठी घरातल्या कोणत्याही पाच वर्षांच्या मुलाला कळते.

दुसरी खूण, होकारानंतर लगेच येणारी अडचण. ज्याला खरोखर जमणार आहे तो व्हेंडरचा विषय काढत नाही. तिसरी खूण, एरवी भरभरून बोलणारा माणूस एखाद्या मुद्द्यावर अचानक मोजके बोलू लागणे. व्हिडीओ कॉलवर कॅमेरा बंद असेल तर ही खूणही जाते, आणि ईमेलमध्ये तर तिन्ही पुसट होतात. संदर्भप्रधान माणसाला परदेशी कंपनीत सर्वाधिक त्रास समोरासमोरच्या बैठकीत होत नाही; लेखी व्यवहारात होतो. त्याची निम्मी भाषा चेहऱ्यावर असते आणि ती जोडपत्र म्हणून पाठवता येत नाही.

दोन्ही बाजू संदर्भप्रधान असतील तर सोपे होते का?

उलट अवघड होते. मावळात कोरियाई आणि जपानी कंपन्यांशी काम करणाऱ्यांना हे जाणवते. ‘आपले आणि त्यांचे जुळेल, तेही मोठ्यांना मान देतात, तोंडावर नाही म्हणत नाहीत,’ असा सुरुवातीचा अंदाज असतो. कोरियन भाषेत समोरच्याच्या मनातले हेरण्याच्या कौशल्याला ‘नुन्ची’ म्हणतात, तर जपानीत ‘हवा वाचणे’ असा वाक्प्रचार आहे. आपल्याकडेही शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. पण हवा वाचायला ती हवा ओळखीची असावी लागते. कोरियाई कार्यालयात माणसाला नावाने नव्हे, हुद्द्याने हाक मारण्याची रीत आहे. मराठी कार्यालयात ‘साहेब’ आणि ‘दादा’ यांतले अंतर बोलणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते. दोघांनाही मान द्यायचा असतो, पण दोघांची मापे वेगळी. शब्दांत कोणीच काही सांगत नाही आणि दोघेही समोरच्याला कळले असेल असे धरून चालतात. पॅरिसजवळच्या इन्सिआड या संस्थेत शिकवणाऱ्या एरिन मेयर यांनी ‘द कल्चर मॅप’ या 2014 मधील पुस्तकात हेच सांगितले आहे. त्यांच्या मते सर्वाधिक गैरसमज एक संदर्भप्रधान आणि एक शब्दप्रधान अशा जोडीत होत नाहीत. वेगवेगळ्या मुळांच्या दोन संदर्भप्रधान समाजांत होतात.

त्यासाठी कोरियापर्यंत जायचीही गरज नाही. मावळातल्या कोणत्याही कारखान्याच्या उपाहारगृहात हे रोज घडते. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. मराठी माणूस हिंदी बोलताना त्याचे सरळ ‘तुम’ करतो. त्याच्या मनात पूर्ण आदर असतो. पण लखनौ-बनारसकडच्या माणसाच्या कानावर ‘तुम’ पडते ते बरोबरीच्या किंवा लहान माणसाला वापरायचे सर्वनाम म्हणून. आदराला तिथे ‘आप’ लागते. वयाने मोठ्या पर्यवेक्षकाला बीडचा मुलगा ‘तुम बैठो ना सर’ म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा का उतरला, हे त्याला आयुष्यभर कळत नाही. मराठी माणसे उद्धट असतात, हा समज उत्तरेत ज्या कारणांनी रुजला त्यांत या एका सर्वनामाचा वाटा मोठा असावा. शब्द इतका जवळचा, त्यामुळे अर्थही तोच असणार, असे दोघे गृहीत धरतात. जर्मन माणसाशी बोलताना निदान सावधपणा तरी असतो.

परदेशी साहेब नेहमी स्पष्टच बोलतो का?

लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी कंपन्यांच्या कार्यशाळा भरतात. तिथे फळ्यावर एक आडवी रेघ काढली जाते. डाव्या टोकाला जर्मनी आणि अमेरिका, उजव्या टोकाला जपान, अधेमधे उजवीकडे भारत. मग निष्कर्ष निघतो की डावीकडचे स्पष्ट बोलतात, उजवीकडच्यांनी ते शिकावे. हे चित्र सोयीचे आहे आणि त्यामुळेच फसवे.

सूचना शब्दांत देणे आणि टीका तोंडावर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेयर यांनी त्यांच्या दोन स्वतंत्र पट्ट्या केल्या, हे त्यांच्या पुस्तकाचे मोठे काम. अमेरिकी माणूस सूचना अगदी सविस्तर देतो, पण टीका मात्र कौतुकात गुंडाळून. ‘फारच छान काम, फक्त एक छोटीशी गोष्ट पाहता येईल का’ या वाक्यात छोटीशी गोष्ट हाच मुख्य मुद्दा असतो. हैदराबाद किंवा पुण्याहून अमेरिकेत गेलेले अनेक जण पहिल्या वर्षी पहिला अर्धा भाग ऐकून खूश होतात आणि मूल्यांकनाच्या दिवशी चकित. ब्रिटिश साहेबाचे ‘इंटरेस्टिंग’ हे कौतुक नसते, हे पुण्यातल्या ब्रिटिश कंपन्यांत काम केलेल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. फ्रान्समध्ये उलट, तिथे बोलण्यात संदर्भ भरपूर, पण चूक तोंडावर सांगण्यात संकोच कमी. म्हणजे ज्यांना आपण शब्दप्रधान म्हणतो, त्यांच्याकडेही न बोललेले बरेच असते. फरक इतकाच की, त्यांचे न बोललेले हा कार्यालयाचा नियम मानला जातो आणि लातूरच्या माणसाचे न बोललेले हा त्याचा दोष.

हॉल यांच्या मांडणीवरही आक्षेप आहेतच. देशांचा क्रम त्यांनी मोजमाप करून लावलेला नव्हता. निरीक्षणांवरून लावला होता. पीटर कार्डन यांनी 2008 मध्ये या विषयावरच्या लेखनाचा आढावा घेतला. ही संकल्पना खूप वापरली जाते, पण तिला अनुभवसिद्ध आधार मात्र अपुरा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. रेघ उपयोगी आहे ती प्रश्न विचारायला. माणसाला तिच्यावर खिळा ठोकून बसवायला नव्हे.

हा प्रश्न संस्कृतीचा की भीतीचा?

संस्कृतीवर बोलताना या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कंत्राटी कामगार ‘हो साहेब’ म्हणतो, तेव्हा तो संदर्भप्रधान समाजातून आला आहे म्हणून म्हणतो, असे मानणे व्यवस्थापनाला बरे पडते. पण ज्याचे कंत्राट काही महिन्यांनी संपणार आहे, त्याने तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची किंमत आणि कायम नोकरीतल्या जर्मन अभियंत्याने म्हणण्याची किंमत सारखी नाही. गार्ड नीट बसलेला नसताना मशीन चालव म्हटल्यावर ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाला संवादाचे प्रशिक्षण देऊन काही होणार नाही. तिथे ‘नाही’ म्हटल्यावर नोकरी जाणार नाही, याची हमी लागते.

दोन्हींतला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. तोच माणूस गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आपल्या बरोबरीच्यांना काय सांगतो ते पाहावे. तिथेही तो आडून बोलत असेल तर ती बोलण्याची रीत. तिथे तो ‘हे काम पंधराला होणार नाही म्हणजे नाही’ असे ठणकावून सांगत असेल, तर त्याला स्पष्ट बोलता येते. कारखान्याच्या आत ते परवडत नाही. मावळी बोली तशी चांगलीच रोखठोक आहे. टपरीवर ज्याची जीभ चालते आणि बैठकीत जी बंद पडते, त्याच्याबाबत संस्कृतीचे पुस्तक उघडण्याआधी बैठकीत कोण कोण बसले आहे ते पाहायला हवे.

मग बदलायचे कोणी आणि काय?

आज बदलाचा सगळा भार स्थलांतरितावर टाकला जातो. त्याने इंग्रजी सुधारावे, ठामपणे बोलावे, डोळ्याला डोळा भिडवावा. यातला काही भाग त्याच्या उपयोगाचा आहे, विशेषतः वाक्यांचा क्रम बदलण्याचा. मराठीत आपण आधी कारणे सांगतो आणि निष्कर्ष शेवटी, किंवा तो ऐकणाऱ्यावर सोडतो. परदेशी ईमेलमध्ये क्रम उलटा हवा. ‘15 ला होणार नाही. 20 ला नमुने निघतील. कारण हीट ट्रीटमेंट 13 ला संपते.’ सांगणे तेच, फक्त शेवटचे पहिल्यांदा. यात उद्धटपणा कुठेच नाही, कारण नकाराबरोबर तारीखही दिलेली आहे. बैठकीत साहेबांसमोर हे जमत नसेल, तर कॉल संपल्यावर तासाभरात एवढ्या तीन ओळी लिहून पाठवणे बहुतेकांना जमते.

पण प्रश्न विचारणाऱ्यालाही आपला प्रश्न बदलता येतो, आणि ते जास्त स्वस्त पडते. ‘15 ला होईल का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी ‘नमुने निघण्याआधी काय काय व्हायचे आहे आणि प्रत्येक काम कोणत्या तारखेला संपते?’ असे विचारले, तर टूलरूमचा प्रमुख तोच डोक्यातला हिशेब मोठ्याने करतो. पाच दिवस, गुरुवारची सुट्टी, चार दिवस, दोन, एक, दोन. 18 ही तारीख सगळ्यांसमोर आपोआप येते. ‘नाही’ कोणालाच म्हणावे लागत नाही. माणसाचा मानही राहतो आणि आकडाही मिळतो.

तोंडी होकारावर विसंबायचे नाही, ही शिस्त मावळाला परकी नाही. ती या तालुक्यातून जाणाऱ्या रेल्वेत फार जुनी आहे. जिथे फाटक आणि सिग्नल यांची यांत्रिक जोडणी नसते, तिथे फाटक बंद केल्याची खात्री देताना गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर एक खासगी क्रमांक सांगतो आणि तो नोंदवहीत चढतो. नुसते ‘हो, बंद केले’ चालत नाही. दोघे वीस वर्षांचे मित्र असले तरी नाही. यात कोणाचा अपमान होतो असे कोणालाही वाटत नाही, कारण क्रमांक दोघांनाही लागतो आणि नियम साहेबालाही आहे.

कारखान्यांतही जिथे हे झाले आहे, तिथे बदल छोटाच असतो. बैठकीच्या नोंदीत ‘मान्य’ या रकान्याशेजारी एक नवा रकाना येतो : ‘ही तारीख कशामुळे चुकू शकते?’ तो रिकामा ठेवून नोंद पुढे पाठवता येत नाही, आणि तो ग्राहकाच्या अभियंत्यालाही भरावा लागतो. लातूरचा माणूस तिथे लिहितो, ‘व्हेंडरकडे लोड आहे.’ जर्मन अभियंता त्याच्याखाली लिहितो, ‘रेखाचित्राची अंतिम मंजुरी आमच्याकडूनच आलेली नाही.’ कॉलवर हे त्यानेही सांगितलेले नसते.